दुमजली लॉबी आणि हरवलेला माणूस: एका रेंडरच्या नोंदी

काम थोडक्यात असं. कोल्हापूरजवळच्या एका नव्या हॉटेलची लॉबी, एकच स्थिरचित्र, उभं, २४०० × ३००० पिक्सेल. लॉबी १४ मीटर लांब, ९ मीटर रुंद, छत ६.९ मीटरवर. डाव्या बाजूने ३.६ मीटरवर मेझनाइन जातं. समोरच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत काळ्या बसाल्टची क्लॅडिंग आणि तिच्यापुढे रिसेप्शनचं काउंटर. ब्लेंडर ४.२, सायकल्स, १२ जीबीचं ग्राफिक कार्ड. मानधन २२,००० रुपये ठरलं, मुदत तीन आठवडे. असंच काम कोणी हातात घेणार असेल तर माझ्या चुका तरी त्याच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून या नोंदी ठेवल्या.

२ जून

आर्किटेक्ट मॅडमकडून मॉडेल आलं. आकडे मिलिमीटरमध्ये होते आणि ब्लेंडरने ते मीटर म्हणून वाचले, त्यामुळे काउंटर ११०० मीटर उंच. यात नवल काही नाही. सगळं निवडून ०.००१ पट केलं आणि पुढे निघालो.

स्केल `Apply` करायचं राहून गेलं, हे संध्याकाळी कळलं. काउंटरच्या कडांना ३ मिमीचा बेव्हल दिला तरी त्या पात्यासारख्या धारदारच. ऑब्जेक्टचं स्केल ०.००१ राहिलं होतं, म्हणजे माझा ३ मिमीचा बेव्हल प्रत्यक्षात एका केसापेक्षाही बारीक झाला होता. `Ctrl+A` आणि `Scale`, एवढंच औषध. पण तोवर बेव्हलचे आकडे वाढवत वाढवत मी दोन तास घालवले होते, आणि स्केल लागू करताच ते फुगलेले बेव्हल काउंटर गिळून बसले. सगळे परत घातले, या वेळी ५ मिमी.

४ जून

पहिला कॅमेरा. ‘सगळं दिसलं पाहिजे’ या हट्टाने १६ मिमीची लेन्स घेतली आणि कॅमेरा २.२ मीटरवर ठेवला. छत दिसलं, फरशी दिसली, मेझनाइनही आलं. मातीच्या रंगात एक कच्चा रेंडर काढून मॅडमना पाठवला.

उत्तर फोनवर आलं. “छान आहे हो, पण या काउंटरपाशी मी उभी राहिले तर ते माझ्या कुठवर येईल? कमरेला की छातीला?”

मला सांगता येईना. आकडा पाठ होता, ११०० मिमी, म्हणजे कोपराच्या जरा वर. चित्रात मात्र ते कशावरूनच कळत नव्हतं. आई मागून डोकावली आणि म्हणाली, “मंगल कार्यालय आहे का रे?” तिचं बरोबर होतं. छत सात मीटरवर आहे की चारवर, हे चित्र पाहून कोणालाच ठरवता आलं नसतं.

५ जून

आजचा सगळा दिवस कॅमेऱ्यावर. थोडं गणित केलं आणि गोष्ट लख्ख झाली. काउंटरमागचा माणूस कॅमेऱ्यापासून साडेनऊ मीटरवर उभा आहे. १६ मिमीच्या लेन्समध्ये १.७ मीटरचा माणूस ३००० पैकी साधारण २४० पिक्सेल उंच येतो. तोच माणूस २४ मिमीमध्ये जवळजवळ ३६० पिक्सेल. रुंद लेन्सने खोली मोठी दाखवली खरी, पण ती माणसाला लहान करून. काउंटर तर १६७ पिक्सेलवर आलं होतं. त्यात कसला तपशील दिसणार?

म्हणून २४ मिमी. दुसरी दुरुस्ती उंचीची: कॅमेरा १.५ मीटरवर, उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला. याचा फायदा मला आधी पुस्तकी वाटायचा. क्षितिजरेषा डोळ्यांच्या उंचीवर असली की सपाट फरशीवर उभ्या सगळ्यांचे डोळे चित्रात जवळपास त्याच रेषेवर येतात, माणूस दोन मीटरवर असो की अकरा. मग काउंटर त्या रेषेच्या किती खाली आहे ते नजर आपोआप मोजते. २.२ मीटरवर ती रेषा सगळ्यांच्या डोक्यावरून जात होती, म्हणून मोजायला काहीच उरलं नव्हतं.

आता छत हवं म्हणून कॅमेरा वर झुकवायचा मोह होतो. झुकवला की बसाल्टची भिंत मागे कलल्यासारखी दिसते. कॅमेरा सरळच ठेवला आणि `Shift Y` ०.१५ केला. क्षितिज चौकटीच्या मध्यावरून उतरून खालून साधारण ३५ टक्क्यांवर आलं, छताला जागा मिळाली, उभ्या रेषा उभ्याच राहिल्या.

७ जून

मालकांच्या यादीतल्या वस्तू मांडल्या: काउंटरच्या उजवीकडे मोठी पितळी समई, डावीकडे गणपती, मध्ये फुलांची उरळी. मांडणी देखणी झाली, आणि काउंटरची उंची पुन्हा हरवली.

कारण सापडायला वेळ लागला. समई वीतभराची असते आणि पुरुषभर उंचीचीही. गणपतीचं तेच, उरळीचंही. या वस्तू चित्राला शोभा देतात, माप देत नाहीत; उलट पाहणाऱ्याच्या डोक्यात देवघरातली समई असेल तर काउंटर त्याला एकदम ठेंगणं वाटतं. आपल्याकडच्या लॉबीत या तिन्ही वस्तू हमखास असतात, तेव्हा त्या काढता येत नाहीत. त्यांच्या शेजारी ज्याचा आकार फारसा बदलत नाही असं काहीतरी ठेवावं लागतं. मी काउंटरवर टेलिफोन आणि मॉनिटर ठेवला, पुढे केबिन बॅग उभी केली (हँडल आत, ५५ सेंटिमीटर), आणि समईशेजारी एक साधी खुर्ची ठेवली. खुर्चीची बैठक ४५ सेंटिमीटरच्या आसपासच असते, हे आपल्या गुडघ्यांना ठाऊक असतं.

काउंटर माझ्या मॉडेलमध्ये एकसंध ठोकळा होता. मॅडमच्या ड्रॉइंगमध्ये त्याचा एक मीटरभर भाग ८०० मिमीवर उतरवलेला आहे, व्हीलचेअरवरच्या पाहुण्यांसाठी. तो मी ‘नंतर करू’ म्हणून सोडला होता. आज केला, आणि तळाशी १०० मिमीची पायखाच घेतली. दोन उंच्या शेजारी आल्या की उंची वाचता येते. ठोकळा वाचता येत नाही.

९ जून

फरशी आणि भिंत. फरशीसाठी इटालियन मार्बलचा एक सुंदर फोटो होता, तो सगळ्या लॉबीवर ताणला. शिरा हातभर रुंद झाल्या आणि १४ मीटरची लॉबी बाहुलीघर वाटू लागली. खऱ्या मापाने, १२०० × ६०० चे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यावर नमुना थोडा सरकवून पुन्हा लावला.

सांधे मात्र दिसेनात. खरा सांधा २ मिमीचा. समोरच्या भिंतीपाशी माझ्या चित्रातला एक पिक्सेल साडेपाच मिलिमीटरचा आहे, म्हणजे सांधा अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी. तो दिसणं शक्यच नव्हतं. चोरी केली: सांधा ५ मिमी केला आणि रंग थोडा गडद. जवळच्या फरशीवर ते किंचित जाड दिसतात, चालवून घेतलं.

भिंतीने त्रास दिला नाही. बसाल्टचे थर ३०० मिमीचे, प्रत्येक थर सुमारे ५५ पिक्सेल. छतापर्यंत तेवीस थर. कोणी मोजत बसत नाही, पण वर जाताना नजर पायऱ्या चढल्यासारखी चढते.

आणखी एक. मेझनाइनच्या स्लॅबची खालची कड ३.२ मीटरवर आहे. तीच रेषा समोरच्या भिंतीवर ४० मिमीच्या पितळी पट्टीने पुढे नेली होती. ‘एवढीशी पट्टी कोणाला दिसणार’ म्हणून मी ती पहिल्याच दिवशी उडवली होती. परत आणली. आता काउंटर, माणूस आणि समई हा सगळा संसार पट्टीच्या खाली राहतो, आणि वर नुसती उंची. मॅडमनी ती पट्टी उगाच घातली नव्हती.

११ जून

दिवे. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला.

छतातल्या बारा डाउनलाइटच्या `Power` मध्ये १२ लिहिलं, कारण ड्रॉइंगमध्ये १२ वॅटचे एलईडी आहेत. ब्लेंडरचा वॅट म्हणजे विजेच्या बिलातला वॅट नव्हे. तो बाहेर पडणाऱ्या प्रकाशाचा हिशेब आहे, आणि ८०० लुमेनच्या बल्बला तिथे दोनच्या आसपास आकडा पुरतो. तेव्हा १२ आकड्याने सगळं जळून जायला हवं होतं. झालं उलटंच: डाउनलाइट मरतुकडे आणि छताच्या कोव्हमधली पट्टी डोळे दिपवणारी.

अर्धा दिवस एक्स्पोजर वरखाली करण्यात गेला. मग समजलं की ब्लेंडरचा स्पॉट हा मुळात चहूबाजूंनी पेटलेला दिवा आहे आणि `Spot Size` फक्त त्याच्याभोवती झापड लावतं. कोन अरुंद केला तरी प्रकाश एकवटत नाही, नुसता कापला जातो. खऱ्या दिव्यात रिफ्लेक्टर तोच प्रकाश गोळा करून अरुंद झोतात घालतो. म्हणून कोन बदलला की आकडाही आपणच वाढवायचा. ३६ अंशांवरून १५ अंशांवर येताना किती, तर:

```
(1 - cos(18°)) / (1 - cos(7.5°)) = 5.7
```

कोव्हची पट्टी एमिशन मटेरियलची होती. तिचा आकडा दर क्षेत्रफळामागे लागतो, आणि पट्टी ३० मीटर लांब. दोन वेगळ्या मोजपट्ट्या मी एकाच नजरेने वाचत होतो. कोव्हऐवजी एरिया लाइट घातले, तेव्हा दोघांचे आकडे एकमेकांशी बोलू लागले.

१२ जून

दिवे आता बरोबर आहेत आणि चित्र वाईट आहे. छत लख्ख, भिंत लख्ख, फरशी लख्ख. नजर सरळ वर जाते आणि तिथेच राहते. काउंटरमागची पोरगी (सध्या राखाडी पुतळा) कोणाला दिसत नाही.

३६ अंशांचा डाउनलाइट ६.९ मीटरवरून काउंटरवर पोचेपर्यंत त्याचं वर्तुळ पावणेचार मीटरचं होतं. काउंटर ३.६ मीटरचं. म्हणजे एकच दिवा सगळं काउंटर आणि भोवतालची फरशी सारखीच उजळतो, आणि असे बारा. १५ अंशांचा घेतला तर वर्तुळ दीड मीटरचं. बारापैकी पाच उरले, तेही १५ अंशांचे: तीन काउंटरसमोरच्या फरशीवर, दोन बैठकीवर.

झुंबराचाही निकाल लावला. मूळ ड्रॉइंगमध्ये सव्वादोन मीटर व्यासाचा एकच काचेचा गोळा आहे. चित्रात तो घरातल्या गोल शेडसारखा दिसतो. जवळ टांगलाय की लांब, काही कळत नाही. मॅडमना विचारून तिथे १८० मिमीचे, पाण्याच्या तांब्याएवढे, सतरा छोटे दिवे सोडले. सगळ्यात खालचा २.५ मीटरवर. छतापासून तिथवर ४.४ मीटरच्या दोऱ्या लोंबतात, आणि उंची सांगायचं काम त्या दोऱ्याच करतात.

शिवाय अंतराचा फायदा. छतातला दिवा काउंटरपासून ५.८ मीटरवर, लोंबता दिवा १.४ मीटरवर. तेवढ्याच जोराचा दिवा इतका खाली आणला की काउंटरवर सुमारे सतरा पट उजेड पडतो. म्हणजे छोटे दिवे मंद ठेवूनही काउंटर उठून दिसतं, आणि वरचं सगळं शांत ठेवता येतं.

१४ जून

बाहेर भर दुपारचं आकाश होतं, काचेतून आलेला उजेड सगळ्या दिव्यांना खाऊन टाकत होता. वेळ बदलून दिवेलागणीची केली. बाहेर निळसर, आत २७०० ते ३००० केल्विन.

दिवे `Light Groups` मध्ये वाटले: आकाश, कोव्ह, डाउनलाइट, लोंबते दिवे, आणि काउंटरच्या ओठाखालची पट्टी. म्हणजे रेंडर एकदाच काढायचा आणि कोण किती तेजाने बोलेल ते नंतर कंपोझिटरमध्ये ठरवायचं. एक तास पन्नास मिनिटं लागली. त्याआधी दोनदा पावसाने वीज गेली. इन्व्हर्टर पंख्याला पुरतो, ग्राफिक कार्डाला नाही.

१५ जून

आणि मी ते पाच थर पीएनजी करून फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमेकांवर चढवले. बेरीज मूळ चित्राशी जुळेना. जिथे दोन दिवे मिळतात तिथे चुन्यासारखे पांढरे डाग. पीएनजीत `AgX` चा वळसा आधीच बसलेला असतो. वळसा घातलेल्या आकड्यांची बेरीज म्हणजे प्रकाशाची बेरीज नव्हे. बेरीज आधी, वळसा शेवटी. फाइल ईएक्सआरमध्येच ठेवायला हवी होती. ती मी जागा वाचवायला ठेवलीच नव्हती. पुन्हा एक तास पन्नास मिनिटं.

दुसऱ्यांदा काढल्यावर कळलं की डीनॉइज फक्त एकत्रित चित्राला लागला आहे, थरांना नाही. प्रत्येक थराला वेगळा `Denoise` नोड लावला, अल्बेडो आणि नॉर्मल पाससह. ते पास सुदैवाने चालू होते.

१६ जून

तोल साधला. पहिल्यांदा सगळे थर १ वर. मग कोव्ह ०.३५ वर आणला, आणि चित्र एकदम खाली बसलं. लोंबते दिवे १.४. आकाश ०.६. डाउनलाइट ०.८. काउंटरखालची पट्टी १ वरच, पण तिच्याशिवाय चित्र पाहिलं तेव्हा काउंटर जमिनीला चिकटलं, पायखाच बुजली.

डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून दोन तपासण्या केल्या. `False Color` लावून पाहिलं: काउंटर आणि त्याच्या मागचे दोनतीन मीटर राखाडी-हिरव्यात, छत निळ्यात. पितळी पट्टीच्या वर राखाडी जवळजवळ उरला नाही. दुसरी तपासणी गावठी आहे. चित्र बोटभर करून मोबाईलवर आईला दाखवलं.

“बाई कुठं उभी आहे ती?” मी विचारलं.

“ही काय, टेबलामागं. पण हिला तोंड नाही रे.”

१८ जून

तोंड आणायला २,९०० रुपये लागले, स्कॅन केलेल्या थ्रीडी माणसांचा संच. बहुतेकांच्या अंगावर ओव्हरकोट. कोल्हापुरात. साडीतली एक आणि साध्या शर्टातले दोघे मिळाले, त्यांच्यावर भागवलं.

माणसं घातली आणि काउंटर पुन्हा ठेंगणं झालं! मोजलं तर शर्टवाला १.९१ मीटर. खऱ्या माणसाचा स्कॅन म्हणून मी मापावर विश्वास टाकला होता. त्याला १.७० वर आणलं, साडीवालीला १.५६ वर. आता काउंटर तिच्या छातीच्या जरा खाली येतं, मॅडमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर चित्रातच मिळालं.

जागा: साडीवाली काउंटरमागे. एक पाहुणा काउंटरपुढे, बॅगेशेजारी, पाठमोरा, चेहरा नको म्हणून. तिसरा मेझनाइनच्या कठड्याला टेकून. हा तिसरा सगळ्यात कामाचा. कठडा १.०५ मीटरचा आहे हे त्याच्यामुळे कळतं, आणि वरचा मजला हा मजला आहे, नुसता सजावटीचा कोनाडा नाही, हेही. चौथा माणूस घातला होता, पुढे, कॅमेऱ्याजवळ. तो काढला, सगळं लक्ष त्याच्या बुटांकडे जात होतं.

२० जून

मॅडमनी पास केलं. मालकांचा निरोप आला, “छत अजून जरा उंच दाखवता येईल का?” जुन्या सवयीने हात लेन्सकडे गेला होता. लेन्सला हात लावला नाही. कोव्ह ०.३५ चा ०.२५ केला आणि लोंबत्या दोऱ्यांवर किंचित उजेड वाढवला. पाच मिनिटांचं काम, नवा रेंडर नाही. “आता बरोबर,” म्हणाले.

२१ जून

फाइल दिली. एकूण ६१ तास. त्यातले अंदाजे १९ वाया: बेव्हल, स्पॉटचे आकडे, पीएनजीची रात्र, १६ मिमीचा हट्ट. मेझनाइनवरच्या माणसाचा उजवा हात कोपरापाशी कठड्याच्या पाइपात घुसला आहे. देऊन झाल्यावर दिसलं. अजून कोणाचा फोन आलेला नाही.